ॲक्सेस मागताना काय नको तेही लिहा

अकाउंट्स विभागात नवीन एक्झिक्युटिव्ह रुजू झाली, की तिच्यासाठी आयटी प्रमुखांकडे बहुधा एका ओळीचा ईमेल जातो : ‘आधीच्या एक्झिक्युटिव्हला होते तेच सगळे रोल यांनाही द्यावेत.’ लिहायला सोपी असलेली ही ओळ पुढे महागात पडू शकते. आधीच्या माणसाने काही वर्षांत तीन टेबलांवर काम केलेले असते. प्रत्येक टेबलावर नवा रोल मिळत गेला आणि जुना कोणी काढला नाही. तो सगळा साठा पहिल्याच दिवशी नव्या माणसाच्या नावावर जमा होतो.

ईआरपीमधला रोल म्हणजे परवानग्यांचा संच. कोणत्या स्क्रीन उघडतील, कोणत्या कंपनीच्या आणि कोणत्या प्लांटच्या नोंदी दिसतील, त्या फक्त पाहता येतील की नव्याने करताही येतील, हे रोलवर ठरते. पुरवठादाराचे खाते उघडणे, त्याचे बिल नोंदवणे आणि त्याला पैसे पाठवणे या तिन्ही परवानग्या एकाच व्यक्तीकडे आल्या, तर ती अस्तित्वात नसलेला पुरवठादार तयार करून त्याला पैसेही देऊ शकते. म्हणून हिशेबाच्या जगात ‘मेकर’ आणि ‘चेकर’ वेगळे ठेवतात. ॲक्सेस मागणारे पत्र ही विभागणी जपते किंवा मोडते.

एक उदाहरण घेऊ. चाकणमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम कंपनी आहे आणि तिथे SAP वापरतात, असे समजा. नव्या एक्झिक्युटिव्हकडे पुरवठादारांची बिले नोंदवण्याचे काम दिले आहे. तिला मिळालेल्या रोलमध्ये मात्र फक्त FBL1N आहे, म्हणजे पुरवठादारांच्या खात्यावरच्या नोंदी पाहण्याची सोय. ती MIRO उघडायला जाते. खरेदी ऑर्डर आणि माल मिळाल्याची नोंद यांच्याशी जुळवून बिल याच स्क्रीनवर चढवतात. सिस्टीम परवानगी नसल्याचे सांगते.

अशा वेळी पत्र लिहिण्याआधी एक काम करायचे. अडल्या जागीच कमांडच्या चौकटीत `/nSU53` टाइप करायचे. नुकतीच कोणती परवानगी कमी पडली, ते तिथे दिसते. स्क्रीनचीच परवानगी नसेल तर S_TCODE दिसते. स्क्रीन उघडली पण प्लांट अडला असेल, तर M_RECH_WRK आणि त्यापुढे प्लांटचा क्रमांक येतो. याचे चित्र पत्राला जोडले की आयटीला अंदाजाने मोठा रोल द्यावा लागत नाही.

आता पत्र. ते जाते आयटी प्रमुखांकडे, पण वित्त प्रमुखांमार्फत. रोल सिस्टीममध्ये लावणे हे आयटीचे काम आहे. बिल कोणी नोंदवावे हा निर्णय मात्र वित्त विभागाचा असतो, आणि त्या निर्णयाची सही पत्रावर हवी.

प्रति,
आयटी प्रमुख
मार्फत : वित्त प्रमुख

विषय : नवीन अकाउंट्स एक्झिक्युटिव्हसाठी बिल नोंदणीचा अतिरिक्त रोल मिळण्याबाबत

महोदय,

आमच्या विभागात १ जुलैला रुजू झालेल्या अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह यांच्याकडे चाकण प्लांटच्या पुरवठादारांची बिले नोंदवण्याचे काम दिले आहे. त्यांचा युजर आयडी सोबतच्या अर्जात आहे. सध्या त्यांना नोंदी फक्त पाहता येतात.

त्यांना केवळ चाकण प्लांटसाठी MIRO मध्ये बिल नोंदवण्याची परवानगी द्यावी. खरेदी ऑर्डर नसलेली बिले त्यांनी FV60 मध्ये पार्क करावीत. ती पोस्ट करण्याचे काम वरिष्ठ अकाउंटंटकडेच राहील.

कारण : ही बिले सध्या वरिष्ठ अकाउंटंट स्वतःच नोंदवतात आणि तपासणीही तेच करतात. नोंद होईपर्यंत बिल पेमेंटच्या यादीत येत नाही. आमच्या पुरवठादारांत सूक्ष्म व लघुउद्योग असून त्यांची देणी कायद्यातील मुदतीत देणे आवश्यक आहे.

पुढील परवानग्या देऊ नयेत : BP (पुरवठादाराचे खाते उघडणे वा बदलणे), MRBR (थांबवलेले बिल मोकळे करणे), F-53 आणि F110 (पेमेंट).

हा रोल परिविक्षा काळापुरता, ३१ डिसेंबरपर्यंत द्यावा. त्यानंतर आढावा घेऊन नव्याने कळवू.

आपला,
अकाउंट्स व्यवस्थापक

सोबत : SU53 चे चित्र, कामवाटपाचा आदेश

या पत्राचे बळ कारणाच्या परिच्छेदात आहे. ‘कामात अडचण येते’ एवढे लिहून आयटी प्रमुखांना काहीच ठरवता येत नाही. इथे दोन ठोस गोष्टी आहेत. पहिली म्हणजे, आज नोंद करणारा आणि तपासणारा एकच माणूस आहे. नव्या रोलमुळे ती दोन कामे वेगळी होतील, म्हणजे हा ॲक्सेस दिल्याने नियंत्रण वाढते. दुसरी गोष्ट मुदतीची. सूक्ष्म व लघुउद्योगांची देणी लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावी लागतात. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदत टळली तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच आयकरात वजा मिळतो. मार्चमध्ये अडकलेले बिल त्यामुळे कंपनीचा त्या वर्षीचा कर वाढवू शकते.

नको असलेल्या परवानग्यांच्या यादीत MRBR सहसा कोणी लिहीत नाही. बिलातला दर किंवा नग खरेदी ऑर्डरशी ठरलेल्या मर्यादेबाहेर जुळला नाही, तर MIRO बिल नोंदवून घेते पण पेमेंटसाठी थांबवते. MRBR मधून ती अडवणूक उठते. नोंदवणाऱ्याच्याच हाती ती आली, तर जुळवणीला अर्थ उरत नाही. FV60 मध्ये फक्त पार्क करू देण्यामागेही हेच कारण आहे. भाडे, वीज, सल्लागाराची फी अशा बिलांना जुळवून पाहायला खरेदी ऑर्डर नसते, तेव्हा तिथे दुसऱ्या माणसाची नजर हवीच.

रोलची एक मर्यादाही लक्षात ठेवावी. अमुक रकमेपर्यंतचीच बिले नोंदवू द्यायची असतील, तर ते रोलमध्ये ठरत नाही. युजरला जोडलेल्या टॉलरन्स ग्रुपमध्ये ती रक्कम असते, म्हणून ती मागणी पत्रात वेगळी लिहावी लागते.

मंजुरीला दोन-चार दिवस लागतात आणि खरी चूक त्याच दिवसांत होते. ‘तोवर माझ्या लॉगिनवरून कर,’ असे वरिष्ठ सांगतात. १ एप्रिल २०२३ पासून भारतातल्या कंपन्यांना बदलांचा माग ठेवणारे आणि तो बंद करता न येणारे हिशेबाचे सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. उसन्या लॉगिनवरून केलेली प्रत्येक नोंद त्या मागात वरिष्ठांच्या नावावर जाते आणि नंतर दुरुस्त करता येत नाही. तेवढे दिवस बिले वरिष्ठांनीच नोंदवावीत.

रोल मिळाल्यावर तपासणी दोन्ही बाजूंनी करायची. चाकणचे बिल MIRO मध्ये नोंदवले गेले पाहिजे. दुसऱ्या प्लांटचे बिल अडले पाहिजे, आणि BP, MRBR, F-53 व F110 उघडताच नकार आला पाहिजे. यातले एखादे जरी उघडले, तरी मागितल्यापेक्षा जास्त मिळाले आहे असे समजून त्याच दिवशी आयटीला कळवावे. लेखापरीक्षक पुढे एखादा युजर निवडून त्याचे रोल आणि मंजुरीची पत्रे समोरासमोर ठेवतात. त्या वेळी सिस्टीममधला प्रत्येक रोल कोणत्या ना कोणत्या सही केलेल्या पत्रात सापडावा लागतो.