रजेवर असताना जाणारं उत्तर

२०२६ मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. पुण्याजवळच्या एखाद्या कारखान्यात लेखा विभाग सांभाळणारी बाई शुक्रवारी ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र भरून संध्याकाळी कोकणात निघेल. पुढचं विवरणपत्र, कर भरायचं, २० तारखेपर्यंत जायला हवं. त्याच आठवड्यात कोइम्बतूरचा पुरवठादार अडकलेल्या बिलासाठी ईमेल करणार, बँकेला एखादा कागद हवा असणार आणि कारखान्यातल्या कोणाला तरी प्रवासखर्चाचे पैसे हवे असणार. या सगळ्यांशी आठवडाभर तिच्या वतीने बोलणार आहे ते एक आपोआप जाणारं उत्तर.

बहुतेक वेळा ते असं असतं: ‘मी रजेवर आहे. कार्यालयात उपलब्ध नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ यात उद्धट शब्द एकही नाही, तरी वाचणाऱ्याला दार लावून घेतल्यासारखं वाटतं. पुरवठादाराला तिच्या रजेशी कर्तव्य नाही. आपल्या बिलाचं आता काय होणार आणि तोवर कोणाला विचारायचं, हे त्याला हवं आहे. त्यातलं काहीच मिळालं नाही म्हणून ते उत्तर कोरडं लागतं. वर ‘सस्नेह नमस्कार’ आणि खाली ‘आपली स्नेहांकित’ घातल्याने ते ओलं होत नाही.

म्हणून पहिली गोष्ट तारीख. ‘सोमवारपर्यंत रजेवर’ असं लिहिलं की सोमवारी भेटेल की मंगळवारी, हे कळत नाही. ‘पुढच्या आठवड्यात’ हे तर कोणत्या दिवशी वाचलं त्यावर बदलतं. ‘सोमवार, २१ सप्टेंबरला कामावर रुजू होईन’ असं वार आणि तारीख दोन्ही देऊन लिहावं. आणि उत्तर देण्याचा दिवस म्हणून २१ सांगू नये. त्या सकाळी आठवड्याची टपाल समोर असते. २३ सांगून २२ला उत्तर दिलं तर समोरचा खूश होतो. २१ सांगून २३ला दिलं तर रजेवरच्या माणसाने शब्द मोडला असं होतं.

दुसरी गोष्ट, पर्यायी माणूस. इथे सर्वांत जास्त गडबड होते, कारण सहकाऱ्याचं नाव त्याला न विचारता टाकलं जातं. पुरवठादार त्याला फोन करतो, तो म्हणतो, ‘मला काहीच माहीत नाही,’ आणि पहिल्या उत्तरातलं सौजन्य तिथेच संपतं. निघण्याआधी त्याला सांगावं, कोणती बिलं थांबली आहेत आणि का, हे दाखवावं. उत्तरातही त्याच्याकडे कोणतं काम न्यायचं ते स्पष्ट लिहावं: ‘मंजूर बिलांच्या पैशांबद्दल’ यांना विचारा. नवीन बिल मंजूर करण्याचा अधिकार त्याला नसेल तर ती बिलं आपण परतल्यावर पाहू, हेही लिहावं. ‘तातडीचं असल्यासच संपर्क करा’ या वाक्यात समोरच्यावर अविश्वास आहे. ‘२१ तारखेपर्यंत थांबता येण्यासारखं नसेल तर’ असं म्हटलं की निर्णय त्याच्या हाती राहतो आणि ताठरपणा जातो.

तिसरी गोष्ट खरेपणाची. ‘आपल्या पत्राची दखल घेतली आहे’ हे वाक्य सवयीने जातं, पण दखल कोणीच घेतलेली नसते. पुरवठादार मात्र बिल स्वीकारलं गेलं असं धरून बसतो आणि पुढे त्यावरून वाद होतो. हे उत्तर आपोआप जात आहे, ईमेल अजून वाचलेला नाही, हे पहिल्याच ओळींत सांगावं. ते कसं सांगावं यात सगळा सूर आहे. ‘आपला ईमेल वाचला जाणार नाही’ आणि ‘आपला ईमेल मी परत आल्यावर वाचेन’ या दोन्हींत माहिती जवळपास तीच आहे. दुसऱ्यात एक माणूस बोलतो आहे. कार्यालयातल्या फलकाची भाषा सोडून ‘मी’ लिहिलं की निम्मं काम होतं.

आपोआप उत्तर ओळखू न आल्याचा किस्सा वेल्समधल्या स्वान्सीचा आहे. २००८ मध्ये तिथल्या नगरपालिकेने अवजड वाहनांना मनाई करणारी पाटी वेल्श भाषेत करून घेण्यासाठी अनुवादकाला ईमेल केला. वेल्शमध्ये उत्तर आलं आणि तेच इंग्रजी मजकुराखाली छापून पाटी रस्त्यावर लागली. त्या उत्तरात लिहिलं होतं की मी सध्या कार्यालयात नाही, अनुवादाचं काम पाठवून द्या. वाचणाऱ्याला समजेल अशा भाषेत उत्तर नसलं की असं होतं. कोइम्बतूरच्या पुरवठादारासाठी मराठी मजकुराखाली तोच मजकूर इंग्रजीत द्यावा आणि दोन्हीकडे ‘हे आपोआप गेलेलं उत्तर आहे’ ही ओळ ठेवावी.

आता कारण. ‘रजेवर’ एवढं पुरे आहे. आजारपण, घरातला मृत्यू, गावाचं नाव, यातलं काही अनोळखी माणसाला सांगायची गरज नाही. लेखा विभागात तर ते धोक्याचंही आहे. पैसे सांभाळणारी बाई आठवडाभर लांब आहे हे कळलं की ‘मॅडमशी बोलणं झालंय, बँक खातं बदललंय, या नव्या खात्यात पैसे टाका’ असा ईमेल तिच्या सहकाऱ्याला येऊ शकतो. म्हणून जीमेलमध्ये नाही, पण कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या आउटलुकमध्ये आतल्या आणि बाहेरच्या लोकांसाठी वेगवेगळा मजकूर ठेवता येतो, त्या सोयीचा उपयोग करावा. सहकाऱ्याचं नाव, विवरणपत्राची जबाबदारी कोणाकडे, हे आत सांगावं. बाहेर विभागाचा सामाईक पत्ता द्यावा आणि त्यावर कोण लक्ष ठेवणार ते ठरवून निघावं. विनोदही नको. तेच उत्तर थट्टा करणाऱ्या मित्राला जातं आणि तीन महिने पैसे अडकलेल्या लहान कारखानदारालाही.

एवढं धरून पुरवठादाराला जाणारं उत्तर असं होईल:

‘नमस्कार. हे आपोआप जाणारं उत्तर आहे. मी १२ ते २० सप्टेंबर रजेवर आहे आणि सोमवार, २१ सप्टेंबरला कामावर रुजू होईन. आपला ईमेल मी तेव्हा वाचेन आणि बुधवार, २३ सप्टेंबरपर्यंत उत्तर देईन. मंजूर झालेल्या बिलांच्या पैशांबद्दल तोपर्यंत थांबता येण्यासारखं नसेल, तर लेखा विभागाच्या पत्त्यावर बिल क्रमांकासह लिहा; तिथे माझे सहकारी रोज लक्ष ठेवत आहेत. नवीन बिलं मी परत आल्यावर पाहीन. धन्यवाद.’

शेवटी नाव, पद आणि त्याखाली विभागाचा पत्ता. निघण्याआधी एकदा दुसऱ्या खात्यावरून स्वतःलाच ईमेल करून उत्तर नीट येतं का ते बघावं. विशेषतः बाहेरच्यांसाठीचा भाग सुरू करायचा राहून गेलेला असतो.

रजा वाढली तर नुसती तारीख बदलून भागत नाही. आउटलुक एका माणसाला रजेच्या काळात हे उत्तर एकदाच पाठवतं. जीमेल साधारण चार दिवसांनी पुन्हा पाठवतं, तेही त्याने पुन्हा लिहिलं तरच. ज्याला २३ तारीख कळवली गेली तो २३ला वाट बघत बसणार. अशा वेळी ज्यांचे पैसे किंवा कागद अडकले आहेत त्यांची यादी सहकाऱ्याकडून मागवून त्यांना नवी तारीख स्वतः, दोन ओळींत, कळवावी.