एकच प्रश्न तीनदा आला तर? समितीच्या मुलाखतीची तयारी

व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनेत समितीसमोर बसायची वेळ आली, की समोर उद्योग केंद्राचे अधिकारी असतात, बँकेचे असतात, आणखी एखादे जाणकार असतात. "तुमचा माल घेणार कोण?" हा प्रश्न तिघंही विचारतात. आपल्याला वाटतं, आधीचं उत्तर पटलं नाही. तसं नसतं. बँकेला हप्ता कुठून येणार ते ऐकायचं असतं, उद्योग केंद्राला धंदा खरंच उभा राहील का, आणि जाणकाराला कच्चा माल मिळेल का.

आमच्या मुळशीतल्या एका ताईची तयारी माझ्या दुकानातच करून घेतली. तिला भात गिरणी टाकायची होती, खर्च 10 लाख. ग्रामीण भागातली महिला, म्हणून अनुदान 35 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. स्वतःचे 5 टक्के, म्हणजे 50 हजार. उरलं 6 लाख कर्ज. 11 टक्के व्याज आणि 5 वर्षं धरली तर हप्ता महिन्याला साधारण 13 हजार, वर्षाचे 1 लाख 56 हजार.

आता भरडाईत वीज आणि मजुरी जाऊन किलोला दीड रुपया उरतो असं धरलं. मग नुसत्या हप्त्यासाठी वर्षाला 1,040 क्विंटल भात हवा. सीझन पाच महिन्यांचा, महिन्याचे 26 दिवस काम, म्हणजे रोज 8 क्विंटल. तिचं उत्तर या एका आकड्यावर उभं केलं. बँकेला हप्ता सांगायचा, उद्योग केंद्राला रोजचे 8 क्विंटल, जाणकाराला कोणत्या गावांतून किती भात येणार. आकडा तोच, फक्त सुरुवात बदलायची. आकडाच बदलला की तिघं एकमेकांकडे बघतात, तिथे गडबड होते.

मग भांडणाची प्रॅक्टिस केली. मी म्हणालो, "मशीन लहान घ्या, कर्ज कमी होईल." माझा मित्र म्हणाला, "लहान कशाला, आंबेमोहोर पॅक करून विका." ताई आधी गप्प झाली, मग मान डोलावून दोघांनाही 'हो' म्हणाली. हीच चूक. दोघांना 'हो' म्हणजे स्वतःचा प्लॅनच नाही.

दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "सर, दोन्ही बरोबर आहे. पण पहिल्या वर्षी फक्त भरडाई. रोजचे 8 क्विंटल सीझनभर टिकले, तर दुसऱ्या वर्षी पॅकिंग. नाही टिकले तर नाही." बस, एवढंच हवं असतं. कोणाची बाजू घ्यायची नाही, कोणत्या आकड्यावर निर्णय बदलेल ते सांगायचं.

तुम्हीही घरी तीन खुर्च्या मांडा. दोघांना मुद्दाम उलटसुलट बोलायला लावा. कागदावर एकच आकडा लिहा आणि तो तोंडपाठ करा. तो आकडा कोटेशन, वीजबिल आणि गावातल्या शेतकऱ्यांच्या बोलण्यातून आलेला असला पाहिजे, माझ्या उदाहरणातून उचललेला नको.