हितोरी: दोन चौकांमध्ये अडकलेला दुवा

हितोरी या जपानी कोड्यात चौकटीतले काही अंक काळे करायचे असतात. उरलेला अंक एका ओळीत किंवा स्तंभात दोनदा येता कामा नये, काळी घरे कडेला कड लावून नसावीत आणि पांढरी घरे सलग जोडलेली राहावीत.

समजा, सर्वांत वरची ओळ ४ २ ४ १ २ आहे. मधला २ काळा केला तर शेजारचे दोन्ही ४ पांढरेच ठेवावे लागतील, म्हणजे पुनरावृत्ती! म्हणून तो २ पांढरा, आणि शेवटचा २ काळा.

आता कोणता ४ काळा करायचा? इथे नुसती अंकांची जुळणी पुरत नाही. एकाखालचे घर आधीच काळे असेल, तर दुसरा ४ काळा केल्यावर १ तिन्ही बाजूंनी कोंडला जातो. त्यामुळे पहिलाच ४ काळा होतो.