फेरीचा खर्च आणि रायडरच्या खिशातली रोकड

डोंबिवलीत घरून पुरणपोळ्या विकणाऱ्या एखाद्या बाईंचा हिशेब मांडून बघू. ऑर्डर 400 रुपयांची. डाळ, गूळ, तूप, गॅस आणि डबा यांत 250 गेले, उरले 150. पोर्टर किंवा रॅपिडोसारख्या ॲपवर दुचाकी बोलावली आणि तीन किलोमीटरचं भाडं समजा 70 रुपये दिसलं, तर हाती 80 राहतात. संध्याकाळी किंवा पावसात हेच भाडं चढतं. गिऱ्हाईक घरी नसलं आणि डबा परत मागवावा लागला, तर ती दुसरी फेरी. मग राहतात 10 रुपये, आणि पोळ्याही शिळ्या.

म्हणून भाडं ऑर्डरवर नव्हे, फेरीवर मोजावं. काही ॲपमध्ये एकाच बुकिंगात दोन-तीन थांबे टाकता येतात. एका रस्त्यावरच्या तीन ऑर्डरींना मिळून 120 रुपये पडले, तर डब्यामागे 40 होतात. रोज संध्याकाळी सहा-आठ डबे जात असतील, तर ओळखीचा मुलगा डब्यामागे 30 रुपयांनी ठरवणं परवडतं. पेट्रोल कुणाचं, हे मात्र पहिल्याच दिवशी बोलून घ्यावं. एखाददुसऱ्या तातडीच्या ऑर्डरीला ॲपच बरं.

खरी गोची रोकडीची. ॲपवरच्या रायडरचा संबंध सहसा फक्त भाड्याशी असतो. मालाचे पैसे गोळा करून देण्याची सोय काही ठिकाणी असते, पण ती बुकिंगच्या वेळीच निवडावी लागते. 'दादा, तेवढे पैसे घेऊन या' असं तोंडी सांगून भागत नाही, कारण तो पुढची फेरी घेऊन निघून जातो. ॲपने पाठवायचं असेल तर पैसे आधी यूपीआयवर घ्यावेत, आणि गिऱ्हाइकाच्या स्क्रीनशॉटवर न विसंबता आपल्या खात्यात जमा झालेले पाहूनच डबा द्यावा.

ठरवलेल्या मुलाबरोबर रोख चालते. निघताना त्याला 500 रुपयांचे सुट्टे द्यावेत, दहा-वीस-पन्नासच्या नोटांत. नाहीतर दारात 'सुट्टे नाहीत' आणि उधारी सुरू. प्रत्येक डब्यावर नाव, रक्कम आणि 'रोख' की 'आले' एवढं लिहिलेली चिठ्ठी हवी. समजा 380, 450 आणि 620 अशा तीन चिठ्ठ्या रोखीच्या. बेरीज 1450, त्यात सुट्ट्यांचे 500, म्हणजे परत 1950 यायला हवेत. 1880 आले, तर 70 कुठे अडकले हे त्याच रात्री तीन चिठ्ठ्या समोर ठेवून सापडतं. आठवड्याने विचारलं तर नुसता वाद होतो.

त्याची मजुरी या पैशांतून कापायची नाही. आधी 1950 पुरते मोजून घ्यायचे आणि मग त्याचे पैसे वेगळे द्यायचे. मजुरी आतच वळती केली, की कमी पडलेले 70 मजुरीचे की गिऱ्हाइकाने कमी दिलेले, हे दोघांनाही सांगता येत नाही.