गुपचूप फोटो काढत राहणारं बटण

लॅपटॉपच्या की-बोर्डवर एखाद्या अक्षराचं बटण अडकलं, तर ते लगेच कळतं. तेच अक्षर ओळभर धावत सुटतं आणि आपण वैतागून ते बटण नखानं उचकटायला लागतो. ‘प्रिंट स्क्रीन’चं बटण अडकलं तर पडद्यावर सहसा काहीच हलत नाही. त्याचं कामच असं आहे, की समोर जे दिसतंय त्याचं चित्र टिपायचं आणि गप्प बसायचं. म्हणून हा बिघाड दिवसचे दिवस लक्षात येत नाही, आणि लक्षात येतो तेव्हा फोल्डरमध्ये हजारो स्क्रीनशॉट साठलेले असतात.

कोल्हापुरात लोकांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न भरून देणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांकडे हेच झालं. जुलै महिना, रिटर्नची घाई आणि बाहेर धो धो पाऊस. लॅपटॉप दहा वर्षांपेक्षा जुना, त्यावर विंडोज १०. त्यांची पहिली तक्रार स्क्रीनशॉटची नव्हतीच. “अहो, पॅन नंबर कॉपी करतो आणि एक्सेलमध्ये चिकटवतो, तर नंबराऐवजी अख्ख्या स्क्रीनचं चित्रच येतंय,” असं ते म्हणत होते. त्यांना वाटलं एक्सेल बिघडलं. माझ्या मते या आजाराचं सगळ्यात खात्रीचं लक्षण हेच. कॉपी केलेली गोष्ट संगणक क्लिपबोर्ड नावाच्या तात्पुरत्या जागेत ठेवतो. प्रिंट स्क्रीन दाबलं की चित्रही तिथंच जातं आणि आधीची गोष्ट पुसून टाकतं. कॉपी आणि पेस्ट यांच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत त्या बटणानं आपला डाव साधला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर त्याला पूर म्हणता आलं नसतं. क्लिपबोर्डवर नवं चित्र आलं की जुनं जातं, त्यामुळे बटण हजार वेळा दाबलं गेलं तरी शेवटी हातात चित्र एकच. फाइली साठू लागतात त्या नंतर आलेल्या सोयींमुळे. २०१२च्या विंडोज ८पासून विंडोजचं बटण आणि प्रिंट स्क्रीन एकत्र दाबलं की चित्र थेट `Screenshots` या फोल्डरमध्ये फाइल होऊन बसतं. वनड्राइव्हसारख्या सेवांनी त्यापुढची सोय दिली. `Automatically save screenshots I capture to OneDrive` हा पर्याय चालू असेल, तर नुसतं प्रिंट स्क्रीन दाबलं तरी फाइल तयार होते आणि इंटरनेटवरच्या साठ्यातही चढते. हा पर्याय आपण कधी चालू केला, हे बहुतेकांना आठवत नाही. आमच्या स्नेह्यांनाही आठवलं नाही.

चित्रं कुठल्या वाटेनं आली हे फाइलींच्या नावांवरून ओळखता येतं. `Screenshot (412).png` असं नाव असेल तर दोन बटणं एकत्र दाबली गेली आहेत. `2024-07-19 (412).png` असं तारखेचं नाव असेल तर ते वनड्राइव्हचं काम. पहिल्या प्रकारातला आकडा विंडोज स्वतःच्या नोंदवहीत वेगळा लिहून ठेवतं, त्यामुळे सगळ्या फाइली पुसल्या तरी मोजणी तिथूनच पुढे चालू राहते. फोल्डरमध्ये चारच चित्रं आहेत आणि पाचव्याचा आकडा नऊ हजारांच्या घरात आहे असं दिसलं, तर इथं आधी कधीतरी पूर येऊन गेलाय असं समजावं.

गंमत म्हणजे या पुराची काळजी फार पूर्वी घेतलेली होती. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीवर शिफ्टबरोबर हे बटण दाबलं की पडद्यावरचा मजकूर खरोखरच प्रिंटरवर छापला जायचा. बटणाचं नाव तिथलंच. छपाई चालू असताना पुन्हा बटण दाबलं गेलं तर कागदांचा ढीग होईल, म्हणून त्या यंत्राच्या मूळ प्रोग्रॅमनं मेमरीत एक खूण ठेवली होती. छपाई चालू आहे असं ती खूण सांगत असेल तोवर नवा हुकूम सरळ दुर्लक्षिला जायचा. कागद महाग होता, डिस्कवरची जागा स्वस्त झाली, आणि आज हे बटण मिनिटाला किती वेळा दाबलं गेलं हे कुणी विचारत नाही.

बटण मुळात अडकतं कसं? लॅपटॉपच्या बटणाखाली रबराची एक छोटी टोपी असते आणि तिच्याखाली पातळ प्लास्टिकचे तीन थर. वरच्या आणि खालच्या थरावर चांदी मिसळलेल्या शाईनं वीजवाहक रेघा ओढलेल्या असतात, आणि मधल्या थराला प्रत्येक बटणाच्या जागी भोक असतं. बटण दाबलं की त्या भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते आणि की-बोर्डमधली चिप त्या बटणाचा ठरलेला क्रमांक पुढे पाठवते. आता या थरांत साखरेचा चहा झिरपला असेल तर पाणी वाळतं, साखर मागे राहते. ती हवेतली ओल ओढून घेते आणि दोन रेघांमध्ये वीज थोडी थोडी पाझरू लागते. आमच्या स्नेह्यांचा चहा उन्हाळ्यात सांडला होता आणि त्रास पावसाळ्यात सुरू झाला, तो यामुळे. शिवाय काही लॅपटॉपवर, विशेषतः गेल्या दशकातल्या थिंकपॅडवर, प्रिंट स्क्रीन खालच्या ओळीत, उजव्या ऑल्ट आणि कंट्रोलच्या मधोमध असतं. तिथं ते तळहाताच्या कडेनंही सहज दाबलं जातं. पण तो बिघाड नव्हे, आणि त्यानं हजारो चित्रं निघत नाहीत.

बिघाडाच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांत फरक करायला हवा. पहिल्या तऱ्हेत बटण खरंच खाली रुतून बसलेलं असतं. की-बोर्डला वाटतं कुणीतरी बोट दाबून धरलंय, म्हणून थोडं थांबून तो तोच क्रमांक पुन्हापुन्हा पाठवतो, सेकंदाला तीसपर्यंत. पण की-बोर्ड पुन्हापुन्हा पाठवतो ते फक्त सगळ्यात शेवटी दाबलेलं बटण. तुम्ही दुसरं कुठलंही अक्षर टाइप केलं की ही मालिका तुटते. म्हणजे रुतलेलं बटण तुम्ही टाइप करत असताना गप्प असतं. शिवाय दाबून धरलेल्या बटणाची अशी पुनरावृत्ती काही प्रोग्रॅम मोजतच नाहीत.

दुसरी तऱ्हा जास्त त्रासदायक. तिथं बटण वरच असतं, दिसायला ठणठणीत, पण आतल्या रेघांचा संपर्क जुळतो, तुटतो, पुन्हा जुळतो. संगणकाच्या दृष्टीनं ही प्रत्येक वेळची नवी दाब असते, त्यामुळे पुनरावृत्ती न मोजणारा प्रोग्रॅमही इथं फसतो. तुम्ही टाइप करत असा किंवा नसा, चित्रं निघतच राहतात. आमच्या स्नेह्यांच्या लॅपटॉपवर दोन चित्रांमधलं अंतर कधी एक सेकंद, कधी पाच, कधी वीस मिनिटं असं होतं. या अनियमितपणावरूनच संपर्क पाझरतोय हे कळलं.

जागेचा हिशोबही बघण्यासारखा आहे. जुन्या लॅपटॉपच्या १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांच्या पडद्यावर एक्सेल उघडलेलं असेल तर त्याची पीएनजी फाइल दीडशे केबीच्या आसपास होते. पांढऱ्या जागेची फाइल लहान होते, फोटो उघडा असेल तर तीच एक-दोन एमबीपर्यंत जाते. वनड्राइव्हवर फुकट मिळणारी जागा ५ जीबी. त्यातली समजा एक जीबी शिल्लक होती, तर तिच्यात अशी सात हजार चित्रं मावतात. सरासरी अडीच सेकंदाला एक चित्र धरलं तर पाच तासांत खेळ खलास. म्हणजे कामाचा एक दिवस पुरतो. जागा भरली की महत्त्वाच्या फाइली वर चढणं थांबतं, आणि आउटलुकचा मेलही त्याच खात्यावर असेल तर तोही अडू शकतो. यांना पत्ता लागला तो ‘जागा संपली’ अशी सूचना आली तेव्हाच.

अशा वेळी लोक आधी फाइली पुसायला बसतात. एका बाजूनं पुसायचं आणि दुसऱ्या बाजूनं नवी भर पडायची, असा प्रकार होतो. आधी वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये जाऊन तो स्क्रीनशॉटचा पर्याय बंद करावा. नव्या फाइली तिथंच थांबतात, बटण फार तर क्लिपबोर्ड बिघडवत राहतं. मग बटणाकडे वळावं. बाहेरून यूएसबी की-बोर्ड जोडला तरी आतला चालूच राहतो, त्यामुळे नुसत्या त्यानं पूर थांबत नाही. विंडोजला त्या बटणाचा क्रमांकच ऐकू येणार नाही असं करता येतं. खालच्या ओळी नोटपॅडमध्ये लिहून `.reg` अशा शेवटाच्या नावानं फाइल जतन करायची, तिच्यावर दोनदा क्लिक करायचं आणि लॅपटॉप `Restart` करायचा:

```
Windows Registry Editor Version 5.00

[HKEY_LOCAL_MACHINE\SYSTEM\CurrentControlSet\Control\Keyboard Layout]
"Scancode Map"=hex:00,00,00,00,00,00,00,00,02,00,00,00,00,00,37,e0,00,00,00,00
```

यातला `37,e0` हा प्रिंट स्क्रीनचा क्रमांक, आणि त्याच्या आधीची दोन शून्यं म्हणजे ‘त्याच्या जागी काहीच नाही’. नंतर बटण हवं झालं तर `Scancode Map` ही नोंद काढून टाकायची. मात्र ही बंदी बाहेरून जोडलेल्या की-बोर्डच्या प्रिंट स्क्रीनलाही लागू होते. नोंदवहीला हात लावायची भीती वाटत असेल तर मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत प्रोग्रॅममधल्या `Keyboard Manager` मधून तेच बटण निकामी करता येतं.

बटण स्वच्छ करून बघायला हरकत नाही. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, आणि कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल. बटणाखालचा चिकटा निघाला तर रुतलेलं बटण मोकळं होतं. थरांच्या आत गेलेली साखर मात्र वरून निघत नाही. तिथं पूर्ण की-बोर्डच बदलावा लागतो, आणि तो काही लॅपटॉपवर प्लास्टिकच्या खिळ्यांनी वरच्या झाकणाला कायमचा ठोकलेला असतो. बटण उचकटताना त्याखालची कात्रीसारखी नाजूक चौकट मोडते, हेही लक्षात असू द्यावं.

चित्रं पुसताना फाइली `Date created` प्रमाणे लावल्या की मुद्दाम काढलेले स्क्रीनशॉट एकेकटे, सुटे दिसतात आणि पुराचे सेकंदा-सेकंदाच्या अंतरानं थव्यानं येतात. थवे निवडून पुसायचे. पण आमच्या स्नेह्यांच्या त्या थव्यांत काय होतं? अशिलांचे पॅन, बँकेची स्टेटमेंटं, आधारचे आकडे, मधे कधी फोनवरून वाचून टाकलेला ओटीपी. हे सगळं त्यांच्या नकळत वनड्राइव्हवर गेलं होतं, आणि तेच खाते जोडलेल्या मुलाच्या पुण्यातल्या लॅपटॉपवरही दिसत होतं. इथं पुसलेली फाइल वनड्राइव्हच्या ऑनलाइन रीसायकल बिनमध्ये ३० दिवसांपर्यंत पडून राहते. म्हणून तो बिन वेबसाइटवर जाऊन वेगळा रिकामा करायचा, मुलाच्या लॅपटॉपवरचाही बघायचा, आणि ते झाल्यावरच की-बोर्ड बदलायला लॅपटॉप दुकानात टाकायचा.