चौदा अणू, तेरा बंध

स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरमध्ये प्रोपेनच्या जोडीला ब्युटेन असतो. त्याचं सूत्र C₄H₁₀, म्हणजे कार्बनचे ४ अणू आणि हायड्रोजनचे १०. रेणूची आकृती समोर नसली तरी एवढ्याच आकड्यांवरून खात्रीने सांगता येतं की त्यात अणूंचं कडं नाही आणि दुहेरी बंधही नाही.

आधी बंध मोजू. कार्बनचा प्रत्येक अणू ४ हात पुढे करतो, हायड्रोजनचा एक. एकूण हात १६ अधिक १०, म्हणजे २६. एका बंधाला दोन हात लागतात, म्हणून बंध १३. अणू मात्र १४. बंध अणूंपेक्षा बरोबर एकाने कमी आहेत, आणि कडं नसल्याचा पुरावा या एकाच्या फरकात आहे.

ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा अशा रचनेला गणितात आलेख म्हणतात. कुठल्याही ठिपक्यापासून रेषांवरून चालत दुसऱ्या कुठल्याही ठिपक्याला पोचता आलं, तर आलेख जोडलेला. एकही रेषा पुन्हा न वापरता फिरून मूळ जागी येता आलं, तर त्यात चक्र आहे. जो जोडलेला आहे आणि ज्यात चक्र नाही, तो वृक्ष. आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने १८५७ मध्ये अशा वृक्षांवर निबंध लिहिला आणि पुढे १८७४ पासून तो ब्युटेनच्या कुळातल्या रेणूंच्या मोजणीकडे वळला.

आता विधान असं: जोडलेल्या आलेखात रेषा ठिपक्यांपेक्षा एकाने कमी असतील, तर तो वृक्षच असतो. चक्र नाही हे दाखवायला सगळ्या वाटा तपासायची गरज नाही.

सिद्धतेसाठी सगळ्या रेषा पुसून टाकू आणि एकेक करून परत काढू. सुरुवातीला १४ ठिपके सुटे, म्हणजे १४ गट. नवी रेषा काढली की दोनच शक्यता असतात. तिची टोकं वेगवेगळ्या गटांत असतील, तर ते गट एक होतात आणि गटांची संख्या एकाने घटते. दोन्ही टोकं आधीच एका गटात असतील, तर गट तेवढेच राहतात आणि ती रेषा जोडणीच्या दृष्टीने वाया जाते.

शेवटी आलेख जोडलेला आहे, म्हणजे गट एकच उरतो. १४ वरून १ वर यायला १३ वेळा घट व्हायला हवी आणि रेषा तर १३च आहेत. म्हणून एकही रेषा वाया गेलेली नाही.

आता समजा, आलेखात चक्र आहे. त्या चक्रातली सगळ्यात शेवटी काढलेली रेषा घ्या. ती काढण्यापूर्वीच चक्राच्या बाकीच्या रेषांनी तिची दोन्ही टोकं एका गटात आणून ठेवली होती. म्हणजे ती वाया गेली. पण वाया गेलेली रेषा तर एकही नाही. म्हणून चक्र असू शकत नाही. १४ च्या जागी कुठलीही संख्या घेतली तरी हाच हिशेब लागू पडतो. पाठ्यपुस्तकांत बहुधा गणिती विगमनाने दिलेली सिद्धता असते. मला ही अधिक आवडते, कारण इथे प्रत्येक रेषेने काय केलं ते दिसतं.

दोन अणूंमधला दुहेरी बंध म्हणजे त्याच दोन ठिपक्यांमधल्या दोन रेषा, अर्थात सगळ्यात छोटं चक्र. म्हणून ब्युटेनमध्ये तोही बसत नाही.

‘जोडलेला’ ही अट मात्र सोडून चालणार नाही. सायक्लोप्रोपेनचा एक रेणू, C₃H₆, आणि मिथेनचा एक, CH₄, शेजारी ठेवा. मिळून C₄H₁₀च होतं. अणू १४, बंध ९ अधिक ४ म्हणजे १३. तरीही सायक्लोप्रोपेनमध्ये तीन कार्बनचं कडं आहे. तिथे एक रेषा वाया गेली आणि शेवटी गट दोन उरले. आकडे जुळले, पण तो एक रेणू नाही. जोडलेपण, चक्र नसणं आणि रेषांची ही संख्या, या तिन्हींपैकी कुठल्याही दोन गोष्टी माहीत असल्या की तिसरी आपोआप सिद्ध होते; एकटी संख्या पुरत नाही.

बंध जास्त असले तरी हिशेब मोडत नाही. जोडलेल्या रेणूत जितके बंध वरचढ, तितक्या रेषा वाया गेलेल्या. बेंझीनचं सूत्र C₆H₆. हात २४ अधिक ६, म्हणजे ३०, बंध १५. अणू १२, त्यामुळे जोडणीला ११ पुरेसे होते. चार बंध वरचढ ठरतात. बेंझीनच्या रेणूत कार्बनचं कडं आहे, ही कल्पना केकुले यांनी १८६५ मध्ये मांडली. त्यांच्या आकृतीतल्या तीन दुहेरी बंधांना तीन आणि कड्याला एक, असे ते चारही बंध हिशेबात बसतात.