रिपोर्टमधला ‘अ‍ॅस्कस’

शनिवारी रात्री साडेनऊला फोन आला. “मॅडम, लॅबने मोबाइलवर रिपोर्ट पाठवलाय. त्यात अ‍ॅबनॉर्मल लिहिलंय. पिशवी काढावी लागेल का?” विचारणारी अडतीस वर्षांची, घरी शिवणकाम करणारी, दोन मुलांची आई. अंगावरून पांढरं जातं म्हणून ती दवाखान्यात आली होती, आणि आलीच आहे तर पॅप स्मिअर करून घेऊ, असं मीच म्हटलं होतं. हल्ली रिपोर्ट डॉक्टरच्या आधी पेशंटच्या हातात पडतो. हा तर तिच्याही आधी जावेने वाचला होता. जावेने तो ओळखीच्या एका डॉक्टरांना दाखवला, आणि त्यांनी सांगून टाकलं, “दोन मुलं झालीत ना? मग पिशवी काढून मोकळ्या व्हा.”

फोनवर समजावलेलं घरातल्या चौघांपर्यंत पोचेस्तोवर भलतंच होऊन बसतं. म्हणून मी तिला सरळ पत्र लिहून दिलं. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असं काही न ठेवता, ते इथे देते.

ताई, नमस्कार.

पहिली गोष्ट, तुमच्या रिपोर्टमध्ये कॅन्सर असल्याचं कुठेही म्हटलेलं नाही. त्यात ‘अ‍ॅस्कस’ असा शेरा आहे. गर्भपिशवीच्या तोंडावरच्या काही पेशी नेहमीसारख्या दिसत नाहीत, पण त्या अशा का दिसतात हे नुसतं बघून ठरवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तपासणीच्या वेळी मी छोट्या ब्रशने पिशवीच्या तोंडावरून पेशी घेतल्या आणि तो ब्रश औषधाच्या बाटलीत हलवला, हे तुम्ही पाहिलंत. लॅबमध्ये त्या पेशी काचेवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निरोगी पेशी तव्यावरच्या घावनासारखी चपटी, पसरट असते आणि मधोमध केंद्रकाचा लहानसा ठिपका असतो. तुमच्या काही पेशींमध्ये हा ठिपका नेहमीच्या अडीच-तीन पट मोठा दिसला. जंतुसंसर्गाने, सुजेने असं होऊ शकतं. एचपीव्ही नावाच्या विषाणूनेही होतं. काचेकडे बघणाऱ्याला यातलं नेमकं कारण कळत नाही, म्हणून तो ‘निश्चित सांगता येत नाही’ असं प्रामाणिकपणे लिहितो.

हे कोडं सोडवायला तुम्हाला लगेच पुन्हा यायची गरज नाही. त्या बाटलीत तुमच्या पेशी शिल्लक आहेत, त्यावरच एचपीव्हीची तपासणी करायला मी लॅबला सांगितलं आहे.

ती निगेटिव्ह आली तर विषय तिथेच संपला. पुढची तपासणी तीन वर्षांनी. पांढरं जाण्याचं कारण वेगळं असेल, त्यावर वेगळे उपचार करू.

पॉझिटिव्ह आली तरी घाबरू नका. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि संसारात पडलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठल्याही तपासणीत कळत नाही. कित्येक वर्षं तो गुपचूप राहू शकतो. त्यामुळे या कागदावरून घरात कुणी कुणाला जाब विचारू नये. भाऊजींना हा परिच्छेद जरूर वाचायला द्या.

ज्यांच्या शरीरात तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही पेशी बिघडत बिघडत कॅन्सरपर्यंत जायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. हा काळ आपल्या हातात आहे, आणि तपासणी करायची ती त्याचसाठी.

पॉझिटिव्ह आल्यास आपण कॉल्पोस्कोपी करू. म्हणजे पिशवीचं तोंड दुर्बिणीतून मोठं करून बघणं. दुर्बीण बाहेरच असते, आत जात नाही. दहा-पंधरा मिनिटं लागतात, भूल लागत नाही. तोंडावर पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावतात, म्हणजे जवळजवळ घरातलं व्हिनेगरच. थोडं चुरचुरेल. बदललेल्या पेशी मिनिटभरात पांढऱ्या पडतात आणि कुठे बघायचं ते कळतं. तसा डाग दिसला तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला काढू. तेव्हा पाळीत दुखावं तशी एक चिमट बसेल आणि नंतर दोन-चार दिवस काळपट डाग लागतील. पाळी चालू नसताना या, आणि आदल्या दोन दिवसांत संबंध किंवा आतून ठेवायच्या गोळ्या नकोत.

पिशवी काढण्याबद्दल. निश्चित काही सांगता येत नाही अशा शेऱ्यावर एवढं मोठं ऑपरेशन करायचं नसतं. उद्या तुकड्यात खरोखर पुढचा बिघाड सापडला, तरी आधी फक्त तेवढा भाग जाळतात किंवा तारेने काढतात. पिशवी जागेवर राहते.

एक मात्र लक्षात ठेवा. संबंधानंतर रक्त गेलं, दोन पाळ्यांच्या मधे गेलं किंवा घाण वासाचं पाणी जाऊ लागलं, तर तारखेची वाट बघू नका. रिपोर्ट काहीही असो, लगेच या.

पत्र इथे संपतं. वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी जोडते. ‘अ‍ॅस्कस’ला इंग्रजीत ‘एएससी-यूएस’ लिहितात. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा शेरा आहे ‘एएससी-एच’. शेवटचं अक्षर ‘एच’ असेल तर एचपीव्हीच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही, थेट कॉल्पोस्कोपी करायची. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्या बायकांनाही वरचं वेळापत्रक लागू नाही, त्यांची तपासणी जास्त वेळा करावी लागते.

एचपीव्हीच्या तपासणीवर एवढी भिस्त ठेवायचा आधार आपल्याच मातीतला आहे. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाच्या मदतीने आठ वर्षं अभ्यास झाला. तो 2009 साली प्रसिद्ध झाला. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची तपासणी केली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू तपासणी न केलेल्या गावांच्या मानाने जवळजवळ निम्म्यावर आले. फक्त पॅप स्मिअर केलेल्या गावांत असा ठळक फरक दिसला नाही. स्मिअर हा शेवटी बघणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असतो.

आमच्या ताईंचा एचपीव्ही पॉझिटिव्ह आला. सोळा आणि अठरा या सर्वांत धोकादायक प्रकारांपैकी तो नव्हता. दुर्बिणीतून पाहिलं, तर व्हिनेगर लावल्यावर घड्याळात दहा वाजतात त्या जागी फिक्कट पांढरा, फाटक्या कडांचा डाग उठला. खरा बिघाड दाट पांढरा आणि रेखीव कडांचा असतो. तरी तुकडा काढला. उत्तर आलं, ‘सीआयएन-वन’. विषाणू आहे, पेशींवर त्याची हलकी खूण आहे, एवढंच. यावर औषध द्यायचं नसतं, आणि हेच पटवायला सर्वांत कठीण जातं. “काहीच नाही देणार?” असं तिने तीनदा विचारलं. मी केस पेपरवर वर्षानंतरची तारीख लिहिली आणि तिचा नंबर दवाखान्याच्या वहीत नोंदवला. अशा पेशंट बिघाडाने हातच्या जात नाहीत, तारीख विसरल्याने जातात.

वर्षाने ती आमच्या फोनची वाट न बघताच आली. तपासणी निगेटिव्ह. पुढल्या वर्षी आणखी एकदा, तीही निगेटिव्ह आली तर मग तीन वर्षांनी.